एकाच फोटोच्या दोन ‘मॅट’ प्रिंट, दोन वेगळे निकाल : एक्स्पोर्ट करताना शार्पनिंग किती ठेवावं?

थडीचा_पक्षीवेडा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण अडचण नेमकी कळल्याशिवाय सल्ला देता येणार नाही.

नांदूर मध्यमेश्वरला काढलेला चित्रबलाकाचा एक फोटो आहे. पाण्यातल्या वाळलेल्या बाभळीवर उतरतानाचा, पंख पूर्ण उघडलेले, मागे हिवाळ्यातलं फिकट आभाळ. 24 मेगापिक्सेलमधून क्रॉप करून 4500×3000 उरलाय. गंगापूर रोडला आमच्या ग्रुपचं छोटं प्रदर्शन आहे, त्यासाठी 12×18 इंची प्रिंट हवी आहे. शिवाय घरच्यांसाठी लॅबमधून एक प्रिंट आणि इन्स्टाग्रामवर एक पोस्ट.

लाइटरूम क्लासिकच्या एक्स्पोर्टमध्ये मॅट पेपर निवडून `Amount: High` ठेवलं आणि ती फाइल दोन ठिकाणी दिली. एका प्रिंट स्टुडिओत 308 जीएसएमच्या कॉटन मॅटवर इंकजेट प्रिंट काढली, ती सुंदर आली. मांडीजवळची गुलाबी पिसं सुटी सुटी दिसतात. तीच फाइल शहरातल्या एका लॅबमध्ये ‘मॅट’ सांगून दिली, तर तिथे पंखाच्या काळ्या कडेला आभाळाच्या बाजूने पांढरी रेघ आली. हातभर अंतरावरूनही दिसते. फांद्या तर पेन्सिलीने गिरवल्यासारख्या वाटतात. इन्स्टाग्रामवर तीच फाइल टाकली, तिथे फांद्या आणि गवत खरखरीत दिसतंय.

दोन्ही कागद मॅट, आकार तोच, फाइल तीच. मग असं का? आणि तिन्हीकडे नेमकं काय ठेवू?

भिंग_आणि_भुंगा

पक्षी उतरत असताना शटर किती होतं? 1/2000 च्या खाली असेल तर पंखाच्या टोकाला हलल्याची दुहेरी कड येते आणि प्रिंटमध्ये ती रेघ वाटते. लेन्सचं ऑटोफोकस फाइन ट्यून करून बघा. माझ्या टेलीला उणे 4 द्यावं लागलं, त्यानंतर सगळं सुधारलं.

थडीचा_पक्षीवेडा

शटर 1/2500 होतं आणि डोळा फोकसमध्ये आहे. कॉटनवरची प्रिंट अगदी स्वच्छ आहे, त्यामुळे मूळ फोटोत दोष असेल असं वाटत नाही. प्रश्न फक्त एक्स्पोर्टच्या वेळच्या शार्पनिंगचा आहे.

कॉलेजरोड_क्लिक

साधी गोष्ट आहे. मॅट कागदात शाई पसरते, म्हणून मॅटला जास्त शार्पनिंग, ग्लॉसीला कमी, स्क्रीनला सगळ्यात कमी. त्यामुळे मॅट आणि हाय हे तुमचं बरोबरच होतं. लॅबवाल्याचं मशीन कॅलिब्रेट नसणार. दुसऱ्या लॅबमध्ये तीच फाइल द्या, बरोबर येईल. आणि प्रिंटची फाइल नेहमी 100 टक्के झूम करून तपासा. तिथे पांढरी कड दिसली तर प्रिंटमध्येही दिसणारच.

काळी_शाई

मी इंकजेट प्रिंटिंगचंच काम करते, म्हणून यात पडते. क्लिक यांनी शाई पसरण्याबद्दल लिहिलंय ते खरं आहे, पण ते इंकजेटच्या मॅटबद्दल. लॅबच्या मॅटमध्ये शाईच नसते, आणि तुमच्या दोन प्रिंटमधला फरक तिथूनच सुरू होतो.

कॉटन मॅटवर प्रिंटर शाईचे बारीक थेंब उडवतो. वरचा लेप थेंब बराचसा धरून ठेवतो, तरी तो थोडा आत मुरतो आणि बाजूलाही सरकतो. काळी पिसं आणि त्यांच्यामधली पांढरी फट यांची कड त्यामुळे मऊ होते. लाइटरूममधलं मॅटचं शार्पनिंग हे होणार असं धरून कड आधीच जास्त उठवून ठेवतं. कागद त्यातलं थोडं खातो आणि डोळ्याला हवं तेवढं उरतं. तुमच्या कॉटन प्रिंटवर हेच झालं.

लॅबचा नेहमीचा कागद प्रकाशाला संवेदनशील असतो. मशीन त्यावर रंगीत लेझरने प्रतिमा उमटवतं, मग तो कागद रसायनांतून जातो आणि रंग कागदावरच्या थरातच तयार होतो. थेंब नाही, मुरणं नाही. लॅब ज्याला मॅट म्हणते तो बहुधा हाच कागद असतो, फक्त वरचा पृष्ठभाग बारीक खरबरीत केलेला, म्हणजे बोटांचे ठसे आणि चमक कमी. तुम्ही हायमध्ये जे जास्तीचं उठवून दिलं होतं ते खायला तिथे कोणी नव्हतं. ते तसंच्या तसं छापलं गेलं. मशीन कॅलिब्रेट असो की नसो, या फाइलमधून ती रेघ येणारच होती.

त्यामुळे लॅबच्या प्रिंटला पृष्ठभाग मॅट असो, ग्लॉसी असो, एक्स्पोर्टमध्ये ग्लॉसी पेपर निवडा आणि `Standard` पासून सुरुवात करा. मॅट पेपर हा पर्याय कॉटन रॅग किंवा तसल्या शाई मुरणाऱ्या इंकजेट कागदांसाठी ठेवा.

कागद कुठला ते ओळखायचं असेल तर प्रिंटचा कोपरा थोडा फाडून बघा. लॅबच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा थर असतो, तो ताणला जाऊन फाटतो आणि कडेला पापुद्रा दिसतो. कॉटन कागद साध्या जाड कागदासारखा तंतू सोडत फाटतो. हल्ली काही लॅबमध्ये रसायनांऐवजी शाईची मशीनंही आहेत, पण तिथलाही कागद बहुतेक प्लास्टिकच्या थराचा असतो आणि शाई वरच्या लेपातच थांबते. त्यालाही ग्लॉसीच धरा.

100 टक्के झूमबद्दल मात्र सहमत नाही. तुमचा मॉनिटर 24 इंची फुल एचडी असेल तर त्यावर एका इंचात साधारण 92 पिक्सेल बसतात. प्रिंटमध्ये एका इंचात 300. म्हणजे 100 टक्क्यांवर तुम्ही प्रिंट तिपटीहून मोठी करून बघताय. तिथे मॅटसाठी बरोबर तयार केलेली फाइलही भयानकच दिसते, आणि लोक घाबरून शार्पनिंग उतरवतात. 50 टक्क्यांवर बघितलं तर बराच अंदाज येतो, 33 टक्क्यांवर आकार जवळपास खऱ्या प्रिंटएवढा दिसतो. पण खरा निकाल कागदावरच कळतो.

कॉलेजरोड_क्लिक

लॅबचा कागद वेगळा असतो हे पटलं. पण मॅट पृष्ठभागावर फोटो थोडा फिका आणि मऊ दिसतोच की! मग त्यासाठी थोडं तरी जास्त शार्पनिंग नको का?

काळी_शाई

मऊ दिसतो हे अगदी खरं. पण त्याचं कारण काळा रंग पुरेसा काळा न दिसणं हे आहे. खरबरीत पृष्ठभागावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो, त्यातला थोडा डोळ्यात येतो आणि काळ्यावर राखाडी झाक बसते. कॉटन रॅगवर तर हे आणखी जाणवतं. तिथला सगळ्यात गडद काळाही ग्लॉसीवरच्या काळ्याच्या बराच मागे राहतो. काळ्या-पांढऱ्यातलं अंतर कमी झालं की डोळ्याला फोटो कमी शार्प वाटतो.

ही कमतरता शार्पनिंग वाढवून भरायला गेलात की पांढऱ्या रेघा येतात आणि काळा तसाच फिका राहतो. त्यासाठी मधल्या टोनचा कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा. त्या कागदाचं प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ बघा आणि कर्व्ह थोडा उचला. मी क्लॅरिटी 5 ते 10 च्या वर नेत नाही. एक लक्षात असू द्या, सॉफ्ट प्रूफमध्ये रंग आणि टोन कळतात, एक्स्पोर्टचं शार्पनिंग तिथे दिसत नाही. ते फाइल बाहेर पडतानाच लागतं, त्यामुळे एक्स्पोर्ट केलेली फाइल उघडूनच बघावी लागते.

लग्नसराई_नाशिक

आमचा अनुभव वेगळा आहे. 12×36 चे लग्नाचे अल्बम डिजिटल प्रेसवर छापून घेतो, वरून मॅट लॅमिनेशन. मी कायम मॅट, हाय देतो. आजवर एकाही पार्टीने रेघ दिसते म्हणून तक्रार केली नाही. उलट ग्लॉसी स्टँडर्डने दिलं तेव्हा शालूची जर दबलेली वाटली. त्यामुळे मॅट म्हटलं की हाय, हा नियम मला तरी चालतो.

काळी_शाई

दादा, प्रेसचं गणित आणखी वेगळं आहे. तिथे फोटो छापाच्या ठिपक्यांच्या जाळीत बसवला जातो. ती जाळीच बारीक रेघ गिळते, वर लॅमिनेशनची फिल्म काळा रंग थोडा उतरवते. शिवाय लग्नाच्या फोटोत मागे गर्दी असते, डेकोरेशन असतं, कपड्यांवर नक्षी असते. पांढरी कड त्यात मिसळून जाते. चित्रबलाकामागे कोरं आभाळ आहे, तिथे लपायला जागाच नाही. तुमच्या प्रेसवर हाय चालत असेल तर बदलू नका. पण चेहऱ्यांचे क्लोजअप एकदा स्टँडर्डवर छापून बघा, कातडीची छिद्रं हायमध्ये जास्त दिसतात.

लग्नसराई_नाशिक

चेहऱ्याला मी वेगळा लेयर करून सॉफ्ट करतो, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. मी हायवरच राहणार. बाकी जाळीचा मुद्दा पटला.

मोबाइलवरची_गोदा

इन्स्टाग्रामच्या खरखरीबद्दल मी सांगते, कारण रामकुंडाचे आणि घाटांचे फोटो मी फक्त स्क्रीनसाठीच काढते.

तुम्ही प्रिंटची फाइल थेट टाकली. 18 इंच 300 वर म्हणजे ती 5400 पिक्सेल रुंद असणार. अॅप ती 1080 वर आणतं, म्हणजे पाचपटीने लहान. प्रिंटसाठी तीन-एक पिक्सेल रुंद उठवलेली कड तिथे एका पिक्सेलच्याही आत येते. कड म्हणून ती दिसत नाही, फक्त प्रत्येक फांदीला आणि गवताच्या पात्याला करकरीतपणा येतो. त्यावर अॅपचं कॉम्प्रेशन बसलं की खरखर दिसते.

मूळ रॉ फोटोवरून वेगळा एक्स्पोर्ट करा. रुंदी 1080, म्हणजे तुमचा फोटो 1080×720 होईल. स्क्रीन निवडा आणि `Low` ठेवा. लहान केल्यावर बारीक तपशील आधीच दाटीवाटीने बसलेला असतो, त्यामुळे पक्षी आणि गवत असलेल्या फोटोला स्टँडर्डही मला जास्त वाटतं. धुक्यातल्या घाटाला स्टँडर्ड चालतं. आणि 2048 ची फाइल करून अॅपला लहान करू देऊ नका, शार्पनिंग हे शेवटच्या आकारावरच लागलं पाहिजे. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर साध्या फोटोऐवजी डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

थडीचा_पक्षीवेडा

ताई, दोघींचेही आभार. 1080 वर लो करून टाकला, फांद्या एकदम शांत झाल्या.

आता प्रिंटबद्दल. प्रत्येक वेळी 12×18 काढून बघणं खिशाला परवडत नाही, कॉटनवर तर नाहीच. लहान 4×6 काढून अंदाज घेतला तर चालेल का?

काळी_शाई

पूर्ण फोटो 4×6 मध्ये बसवून काढलात तर उपयोग नाही. पिसं तिपटीने लहान होतील आणि शार्पनिंग वेगळंच दिसेल. मोठ्या प्रिंटचा तुकडा त्याच आकारात छापायचा. मी ग्राहकांना असं करून देते :

आधी पूर्ण फोटो 12×18 साठी एक्स्पोर्ट करा. लाँग एज 18 इंच, रेझोल्यूशन 300. तुमचा क्रॉप 4500 पिक्सेलचा आहे, म्हणजे 18 इंचाला 250 च पडतात. त्यामुळे `Don't Enlarge` ची खूण काढा, नाहीतर फाइल 4500 वरच अडून राहील आणि छापताना मशीन तिला मोठं करेल, तेही शार्पनिंग लागून गेल्यानंतर. खूण काढली की लाइटरूम आधी 5400×3600 करेल आणि मग शार्पनिंग लावेल. तो क्रम महत्त्वाचा आहे.

असे चार एक्स्पोर्ट करा : शार्पनिंग बंद, ग्लॉसी लो, ग्लॉसी स्टँडर्ड, मॅट हाय. चारही फाइलींतून एकच भाग कापा, 2100×800 पिक्सेलचा. त्यात डोळा, गुलाबी पिसं, पंखाची काळी कड आणि थोडं मोकळं आभाळ आलं पाहिजे. एका पट्टीत हे सगळं बसत नसेल तर डोळा सोडा, पण काळी कड आणि आभाळ सोडू नका. 2400×3600 च्या कोऱ्या पानावर चारही पट्ट्या एकाखाली एक चिकटवा, कुठलीही पट्टी लहानमोठी न करता. बाजूला नाव लिहा. हे पान लॅबमध्ये 8×12 म्हणून द्या आणि ऑटो करेक्शन बंद ठेवायला सांगा. कॉटनसाठी A4 वर तीन पट्ट्या पुरतील : मॅट लो, स्टँडर्ड, हाय.

हातात आलं की आधी पट्टी मोजा. 2100 पिक्सेल म्हणजे बरोबर 7 इंच. लॅबची मशीनं कडेला पांढरं राहू नये म्हणून पान थोडं मोठं करतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक चालेल. त्याहून जास्त असेल तर त्यांना मूळ आकारात छापायला सांगा.

मग हॉलमध्ये असेल तसल्या उजेडात, अर्ध्या मीटरवरून बघा. भिंगाने नको. सगळ्यात आधी शार्पनिंग बंद असलेली पट्टी बघा. तिच्यातही पंखाला पांढरी कड असेल तर मशीन स्वतःचं शार्पनिंग लावतंय, किंवा तुम्ही डेव्हलपमध्येच जास्त लावलंय. आभाळात वाळू पसरल्यासारखी दिसली तर तो नॉइज उठलाय. एक्स्पोर्टचं शार्पनिंग पूर्ण फोटोवर सारखंच लागतं, आभाळ वगळता येत नाही. नॉइज डेव्हलपमध्येच कमी करावा लागेल. तिथलं मास्किंगही वाढवा. स्लायडर ओढताना ऑल्ट दाबून ठेवलं की जिथे शार्पनिंग लागत नाही तो भाग काळा दिसतो. आभाळ पूर्ण काळं होईपर्यंत न्या.

थडीचा_पक्षीवेडा

पट्ट्या आल्या. लॅबच्या पानावर शार्पनिंग बंद असलेली पट्टी स्वच्छ आहे, कड अजिबात नाही. म्हणजे मशीन स्वतःहून काही लावत नाही. ग्लॉसी लो आणि स्टँडर्डमध्ये फरक आहे, पण स्टँडर्डच छान वाटतं, पिसांचे दांडे दिसतात. मॅट हायमध्ये तीच रेघ पुन्हा आली. घरच्या प्रिंटला ग्लॉसी स्टँडर्ड, पृष्ठभाग मॅट, हे नक्की केलं.

कॉटनवर मात्र अडलोय. हायमध्ये गुलाबी पिसं फार सुंदर येतात, स्टँडर्डमध्ये ती एकमेकांत मिसळतात. पण आता नीट पाहिलं तर हायमध्ये पंखाच्या काळ्या टोकाला अगदी पुसट पांढरी कड आहे. आधी ती लक्षात आली नव्हती. दोन्ही हवं असेल तर?

काळी_शाई

लाइटरूमच्या तीन पायऱ्यांत ते बसत नाही, फोटोशॉपमध्ये हाताने करा. शार्पनिंग बंद ठेवून 5400×3600 ची 16 बिट टिफ काढा. मूळ लेयरच्या दोन प्रती करा. दोन्हींवर अनशार्प मास्क, रेडियस 1.5, अमाउंट 150 च्या आसपास, थ्रेशोल्ड 1 किंवा 2. रेडियस मी रेझोल्यूशनला 200 ने भागून घेते, 300 ला 1.5. खालच्या प्रतीचा ब्लेंड मोड डार्कन, ओपॅसिटी 100. वरच्या प्रतीचा लाइटन, ओपॅसिटी 40 पासून सुरू करा.

शार्पनिंग कडेच्या एका बाजूला गडद करतं आणि दुसऱ्या बाजूला उजळ. डोळ्याला खुपते ती उजळ बाजू, गडद बाजू सहज पचते. दोन्ही वेगळ्या केल्या की पिसांचा ठसठशीतपणा गडद बाजूकडून मिळतो आणि पांढरी रेघ दबते. तरीही पंखाच्या टोकाला राहिली तर लाइटन लेयरला मास्क लावून फक्त तिथे मऊ ब्रश फिरवा. गुलाबी पिसांवर ब्रश नेऊ नका. हीच पट्टी पुन्हा A4 च्या कोपऱ्यात छापून बघा आणि मगच 12×18 काढा.

कॉलेजरोड_क्लिक

ही युक्ती मीही वापरणार. एक शंका. लस्टर कागद कशात धरायचा? चमक ग्लॉसीपेक्षा कमी, पोत मॅटसारखा.

काळी_शाई

ग्लॉसीत. शाई तिथेही वरच्या लेपातच राहते. पोत जाड असेल तर स्टँडर्डऐवजी हाय बघा.

लग्नसराई_नाशिक

लस्टरला मी मॅट लो देतो आणि ते ग्लॉसी हायपेक्षा चेहऱ्यांना बरं जातं. पट्ट्या लावून पाहिलेल्या नाहीत, पण अल्बम हातात आल्यावर फरक कळतो.

काळी_शाई

दोन्ही एका पानावर छापून पाठवा दादा, मलाही बघायचंय. माझं लस्टरचं काम बहुतेक निसर्गचित्रांचं, चेहरे कमीच असतात.

थडीचा_पक्षीवेडा

कॉटनची पट्टी आली. लाइटन 40 वर रेघ गेली, पिसं राहिली. टोकाला मास्क लागलाच नाही. आता 12×18 द्यायची आहे. आयोजक काचेची फ्रेम म्हणतायत. काचेमागे ठेवायची तर लाइटन थोडं वाढवू का?

काळी_शाई

नको. काच कड मऊ करत नाही, चकाकी आणते. ती प्रिंटला चिकटू नये म्हणून मध्ये माउंट बोर्ड लावा आणि हॉलमधला दिवा फ्रेमच्या समोर न ठेवता वरून तिरका ठेवायला सांगा. फाइल आहे तशीच द्या.